न्यूजलेटर मोबाईलच्या स्क्रीनमध्ये मावत नाही, बाजूला सरकवत वाचावं लागतं. सेटिंग कुठे असते?

मृण्मयी_निफाड

नमस्कार मंडळी. मी नाशिकला गंगापूर रोडला राहते, माहेर निफाड तालुक्यात. वडिलांची द्राक्षबाग आहे. एका द्राक्ष सल्लागारांचं न्यूजलेटर छाटणीनंतर दर आठवड्याला ईमेलवर येतं. वर्गणी माझ्या आयडीवरून भरली आहे, म्हणून आलं की मी ते बाबांना फॉरवर्ड करते. त्यात सुरुवातीला हवामान आणि सल्ला असतो, खाली फवारणीचा तक्ता: छाटणीनंतरचा दिवस, वेलीची अवस्था, कशासाठी, औषध, प्रमाण, पाणी आणि पीएचआय, म्हणजे फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं तो आकडा. सात रकाने.

बाबांच्या मोबाईलवर हे सगळं स्क्रीनच्या उजवीकडे बाहेर जातं. साधा परिच्छेद वाचतानाही प्रत्येक ओळीला बोटाने डावी-उजवी करावी लागते. तक्त्यात तर प्रमाणाच्या रकान्यापर्यंत सरकलं की डावीकडचं औषधाचं नाव गायब होतं, मग ते अंदाजाने ओळ धरतात. मला याचीच धास्ती वाटते. तेच न्यूजलेटर माझ्या मोबाईलवर व्यवस्थित मावतं. दोघांचे मोबाईल अँड्रॉइड, दोघांकडे जीमेलचंच अ‍ॅप. मग फरक कुठे पडतो?

सातपूरकर

ताई, हे एकदम सोपं आहे. उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर टच करा, तिथे `Desktop site` वर टिक असेल ती काढा. आमच्या कंपनीच्या वेबसाइटला हाच त्रास होता, टिक काढली आणि पान लगेच मावलं.

आडगावचा अमोघ

सातपूरकर, वेबसाइटसाठी तुमचा उपाय बरोबर आहे. पण ती टिक क्रोममधली, म्हणजे ब्राउझरची. जीमेलच्या अ‍ॅपमध्ये मेल उघडला की तिचा काही संबंध येत नाही. न्यूजलेटरमधल्या "ब्राउझरमध्ये पाहा" या लिंकवरून कुणी वाचत असेल तर मात्र ती टिक नक्की तपासावी.

मृण्मयीताई, मी ईमेलचे साचे बनवण्याचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न रोजचा आहे. आधी सेटिंग सांगतो. बाबांच्या मोबाईलवर जीमेल उघडा, वर डावीकडच्या तीन रेघा, सगळ्यात खाली `Settings`, मग `General settings`, आणि तिथे `Auto-fit messages`. ती चालू करा आणि मेल पुन्हा उघडा. सेटिंग बंद असेल तर मेल पाठवणाऱ्याने जेवढा रुंद बनवला तेवढाच दिसतो आणि सरकवावं लागतं. चालू असेल तर अ‍ॅप तो स्क्रीनमध्ये बसवायचा प्रयत्न करतं.

करून बघा आणि काय दिसतं ते इथे नीट लिहा. "मावलं" एवढंच नको, अक्षरं केवढी दिसतात तेही सांगा. आणि दोन गोष्टी बघून घ्या: बाबांच्या मोबाईलवर `Display size` वाढवून ठेवलेला आहे का, आणि तुमच्या मोबाईलवर तक्ता खरंच सात रकान्यांचा दिसतो का.

पंचवटीचे आजोबा

अगदी हाच त्रास आम्हालाही आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं मासिक पत्रक ईमेलने येतं. दोन स्तंभांत छापलेलं असतं. मोबाईलवर मोठं केलं की बाजूला पळतं, लहान केलं की दिसत नाही. वर सांगितलेली सेटिंग मी नातीकडून चालू करून घेतली, काहीही फरक पडला नाही.

आडगावचा अमोघ

काका, तुमचं पत्रक मेलला जोडलेलं पीडीएफ असणार. ही सेटिंग फक्त मेलच्या आतल्या मजकुरावर चालते, जोडलेल्या फाइलला ती हात लावत नाही. तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण महत्त्वाचा आहे. जरा वेळाने सविस्तर लिहितो.

मृण्मयी_निफाड

अमोघ, आज निफाडला आले होते, म्हणून लगेच करून बघितलं. `Auto-fit messages` बंदच होती. चालू केल्यावर मेल स्क्रीनमध्ये मावला, सरकवावं लागत नाही. पण अक्षरं मुंगीएवढी झाली. बाबा म्हणाले, "आधी निदान वाचता तरी येत होतं." `Display size` शेवटच्या टोकाला नेलेला आहे, चष्मा न लावता आकडे दिसावेत म्हणून.

आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाने मी चकित झाले. माझ्या मोबाईलवर तक्ता सात रकान्यांचा नाहीच! प्रत्येक फवारणीची वेगळी चौकट येते, एकाखाली एक: दिवस, औषध, प्रमाण, सगळं नावासकट. मला वाटत होतं बाबांनाही तसंच दिसतंय.

आडगावचा अमोघ

मग सगळा उलगडा झाला. कारणं दोन आहेत आणि ती वेगवेगळी आहेत.

पहिलं कारण फॉरवर्डचं. तुमच्या सल्लागारांनी न्यूजलेटर चांगलं बनवलंय. मेलच्या डोक्यावर एका शैलीच्या भागात "स्क्रीन अरुंद असेल तर तक्त्याच्या ओळी मोडून चौकटी कर" अशी सूचना आहे. जीमेलने अशा सूचना २०१६ पासून पाळायला सुरुवात केली, म्हणून तुमच्याकडे चौकटी दिसतात. पण जीमेलमधून मेल फॉरवर्ड केला की तो शैलीचा भाग गळून पडतो. मजकूर जातो, तक्ता जातो, सूचना जात नाही. बाबांकडे पोचतो तो मूळ, कॉम्प्युटरसाठी आखलेला रुंद तक्ता.

असंच आणखी एका ठिकाणी होतं, तेही सांगून ठेवतो. जीमेलच्या अ‍ॅपमध्ये कुणी दुसऱ्या कंपनीचं किंवा ऑफिसचं खातं जोडलेलं असेल, तर तिथेही ही सूचना पाळली जात नाही. त्यामुळे एकाच अ‍ॅपमध्ये, एकाच मोबाईलवर, एका खात्यात न्यूजलेटर मावतं आणि दुसऱ्यात नाही.

दुसरं कारण अक्षरांचं. नेहमीच्या मोबाईलची रुंदी वेबच्या मापाने ३६० पिक्सेल धरा. `Display size` वाढवला की सगळं मोठं दिसतं, पण त्यामुळे स्क्रीन ३२० पिक्सेलचीच असल्यासारखी वागते. तुमचा तक्ता किती रुंद आहे ते मला दिसत नाही, पण सात रकाने म्हणजे ७२० च्या आसपास असेल. ७२० चा मजकूर ३२० मध्ये बसवायचा तर तो निम्म्याहूनही लहान करावा लागतो. मूळ अक्षर १४ चं असेल तर ते ६ च्या जवळ येतं. इंग्रजी त्यातही कसंबसं वाचता येतं, पण मराठीत वेलांट्या, उकार आणि रफार त्या मापात एकमेकांत मिसळतात.

म्हणजे डोळ्यांना सोपं जावं म्हणून वाढवलेला `Display size` रुंद मेलच्या बाबतीत उलटा पडतो. तरी बाबांचा `Display size` कमी करू नका. बाकी सगळा मोबाईल ते त्यावरच वापरतात. त्याऐवजी मेल थेट त्यांच्या आयडीवर येऊ द्या.

शिवारफेरी

दिंडोरीकडून लिहितोय, माझीही बाग आहे. अमोघदादांचं म्हणणं पटलं, पण एक गोष्ट मला शेतकरी म्हणून सांगायची आहे. तक्ता चौकटीत मोडला की एकेक फवारणी छान दिसते, पण दोन ओळींची तुलना होत नाही. डाऊनीसाठी काल काय मारलं, आज भुरीसाठी काय आहे, दोन्हीत तोच घटक तर येत नाही ना, हे आम्ही ओळीखाली ओळ ठेवून बघतो. पीएचआयचा रकाना तर वरून खाली एका नजरेत पाहावा लागतो, काढणी किती दिवसांवर आली ते धरून. युरोपला जाणारा माल असेल तर रेसिड्यूच्या, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या तपासणीत एक चूक पूर्ण प्लॉट बाद करू शकते.

म्हणून मी तक्ता तक्त्यासारखाच वाचतो. मोबाईलचं ऑटो रोटेट चालू करायचं आणि मोबाईल आडवा धरायचा. आडव्यात सगळे रकाने एकत्र दिसतात. कधी कधी आडवा केल्यावर मेल जुन्याच मापात राहतो, तेव्हा मागे जाऊन तो पुन्हा उघडतो.

आडगावचा अमोघ

शिवारफेरी, हे तुम्ही फार मोलाचं सांगितलंत. त्याचा हिशोब इथे मांडतो. मोबाईलची उंची साधारण रुंदीच्या सव्वादोन पट असते. बाबांच्या `Display size` वर उभी रुंदी ३२० असेल तर आडवी ७०० च्या पुढे जाते. बाजूच्या पट्ट्या थोडी जागा खातात, पण ७२० चा तक्ता जवळजवळ मूळ मापातच बसतो. १४ चं अक्षर १३ च्या आसपास राहतं. म्हणजे `Auto-fit messages` चालू आणि मोबाईल आडवा, या जोडीने फॉरवर्ड केलेला तक्तासुद्धा वाचण्याजोगा होतो.

आता एक धोका. `Auto-fit` नेहमी सरळ लहान करत नाही. अँड्रॉइडच्या मुक्त स्रोतातल्या ईमेल अ‍ॅपचा कोड मी वाचला आहे, त्यात क्रम असा आहे: आधी मजकुराच्या ठोकळ्यांना दिलेली ठरावीक रुंदी सैल करून बघायची, मग चित्रांची, मग तक्त्यांची, मग तक्त्यातल्या प्रत्येक घराची. एवढं करूनही मावलं नाही तरच आख्खा मेल लहान करायचा.

घरांची रुंदी सैल झाली की अक्षरं मोठी राहतात, पण रकाने चिंचोळे होतात. "२.५ ग्रॅम प्रति लिटर" एका ओळीत मावत नाही, २.५ वर, ग्रॅम त्याखाली, प्रति त्याखाली. एका घरात दोन औषधं लिहिली असतील तर कुठलं प्रमाण कुठल्या औषधाचं, हे नजरेने सांगता येत नाही. कारण औषधाच्या घरातही नावं तुटून खाली आलेली असतात आणि दोन्ही घरांतल्या ओळी एकमेकींच्या समोर राहत नाहीत.

ओळखायचं कसं? सगळं सारख्या प्रमाणात बारीक दिसलं तर मेल नुसता लहान झालाय, तक्ता शाबूत आहे. अक्षरं नेहमीएवढी आणि रकाने उंच, चिंचोळे दिसले तर रुंदी सैल झाली आहे. अशा वेळी मेलच्या तीन ठिपक्यांत `Revert auto-sizing` असतं, ते दाबलं की तेवढ्या मेलपुरतं मूळ रूप परत येतं. औषधाचं प्रमाण मूळ रूपातच बघावं, मग बाजूला सरकवावं लागलं तरी चालेल.

शिवारफेरी

बरोबर. माझ्याकडे गंधकाची ओळ अशीच तुटून आली होती. ८० टक्केवालं गंधक, २ ग्रॅम लिटरला, हे मला तोंडपाठ आहे म्हणून अडलं नाही. नव्या औषधाचं कुणाला पाठ असतं?

कॉलेजरोड_वाचक

मी अँड्रॉइडवर थंडरबर्डचं मेल अ‍ॅप वापरतो, जे के-९ मेलवरून बनलंय. त्यातही `Auto-fit messages` याच नावाने सेटिंग आहे. नव्याने अ‍ॅप टाकणाऱ्यांनी बघून घ्यावी.

माझी बायको आयफोन वापरते. तिथल्या मेल अ‍ॅपमध्ये अशी सेटिंग शोधून सापडली नाही. रुंद मेल तिथे आपोआप लहान होऊन येतो आणि दोन बोटांनी मोठा करावा लागतो.

वैशाली_वाचनकट्टा

मी दुसऱ्या बाजूने विचारते. आमच्या वाचनकट्ट्याचं न्यूजलेटर मीच पाठवते. कार्यक्रम, नवीन पुस्तकं, नोंदणीची लिंक. दोन सभासदांनी कळवलं की आडवं सरकवावं लागतं. त्यात कुठलाही मोठा तक्ता नाही. मग ते रुंद का होतं?

आडगावचा अमोघ

वैशालीताई, मेल त्यातल्या सगळ्यात रुंद वस्तूएवढा रुंद होतो. तुमच्या साच्यात बाहेरून एक तक्ता असणार, सगळा मजकूर त्याच्या पोटात. त्यात एक वस्तू जरी न मोडणारी असली तरी ती बाहेरच्या तक्त्याला ताणते आणि मग साधे परिच्छेदही त्याच रुंदीला पसरतात. तुम्ही स्वतः मेल उघडून बघा. परिच्छेद स्क्रीनमध्ये मोडतायत आणि फक्त एखादा फोटो बाहेर डोकावतोय, तर दोष त्या फोटोचा. परिच्छेदच बाहेर जातायत, तर बाहेरच्या तक्त्याला ठरावीक रुंदी दिलेली आहे किंवा आतून काहीतरी त्याला ताणतंय.

न मोडणाऱ्या वस्तू बहुतेक दोनच असतात: ठरावीक रुंदीचा फोटो आणि जशीच्या तशी चिकटवलेली लांबलचक लिंक. नोंदणीची लिंक पूर्ण पत्त्यासकट टाकता का?

वैशाली_वाचनकट्टा

हो, पूर्ण टाकते. लोकांना दिसावी म्हणून. ती दीड-दोन ओळींची असते. आणि वर बॅनर आहे, तो ७०० रुंदीचा.

आडगावचा अमोघ

मग दोन्ही आहेत. लिंकच्या जागी "इथे नावनोंदणी करा" असे शब्द लिहून त्यांना लिंक जोडा. बाहेरचा तक्ता आणि बॅनर असे करा:

```html
<table width="100%" style="max-width:600px">
<img src="banner.jpg" width="600"
     style="width:100%;max-width:600px;height:auto">
```

याचा फायदा असा की ही सूचना प्रत्येक वस्तूच्या अंगावरच लिहिलेली आहे, डोक्यावरच्या शैलीच्या भागात नाही. त्यामुळे कुणी फॉरवर्ड केलं तरी ती सोबत जाते. विंडोजवरचं जुनं आउटलुक `max-width` मानत नाही, तिथे तक्ता खिडकीभर पसरेल. मजकूर वाचता येतो, त्यामुळे वाचनकट्ट्याला ते चालून जावं. चित्राला `width="600"` वेगळं लिहिलंय ते त्याच आउटलुकसाठी.

पंचवटीचे आजोबा

आमच्या पत्रकाचं राहिलं ना, अमोघराव.

आडगावचा अमोघ

काका, विसरलो नाही. तुमचं पत्रक ए-४ कागदाच्या मापाचं, म्हणजे २१ सेंटिमीटर रुंद. मोबाईल ७ सेंटिमीटरचा. कागदावरचं ११ पॉइंटचं अक्षर मोबाईलवर तिसऱ्या हिश्शाचं होतं, ४ पॉइंटसुद्धा भरत नाही. मोबाईल आडवा धरला तर १५ सेंटिमीटर मिळतात आणि अक्षर ८ पॉइंटच्या आसपास येतं. त्यात दोन बोटांनी एकच स्तंभ स्क्रीनभर केला तर तुम्हाला आरामात वाचता येईल. स्तंभ संपला की वर जाऊन दुसरा धरायचा, एवढंच काम राहतं.

अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये `Liquid Mode` नावाची सोय आहे, ती पीडीएफचा मजकूर सोडवून एका स्तंभात मांडते. पण ती वापरण्याआधी एक परीक्षा करा. पत्रकातली एक ओळ कॉपी करून नातीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तिथे मराठी उमटलं तर आशा आहे. भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटली तर पत्रक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बनवलंय. नजरेला ते मराठी दिसतं, पण फाइलच्या आत मराठी नाहीच. मग कुठल्याही सोयीच्या भरवशावर राहू नका.

पंचवटीचे आजोबा

परीक्षा केली. डॉलर आणि कंस उमटले. आमचं पत्रक टाइप करणारे गृहस्थ वर्षानुवर्षं त्याच पद्धतीने करतात, त्यांना बदला म्हणणं कठीण आहे.

सातपूरकर

काका, त्यांना फॉन्ट बदलायला न सांगता कागदाचं मापच बदलायला सांगा. एकच स्तंभ आणि पान मोबाईलसारखं उभं, अरुंद. टाइप करणं तसंच राहील.

आडगावचा अमोघ

सातपूरकर, हा उपाय उत्तम आहे. पानाची रुंदी १० सेंटिमीटर ठेवली आणि अक्षर १४ पॉइंटचं, तर मोबाईलवर ते १० पॉइंटला येतं. छापील प्रतही हवी असणाऱ्यांसाठी ए-४ ची वेगळी फाइल ठेवावी लागेल, तेवढं काम वाढतं.

मृण्मयी_निफाड

आमच्याकडचं कळवते. सल्लागारांना विनंती करून बाबांचा आयडी यादीत घालून घेतला. नवा अंक थेट त्यांना आला आणि चौकटी दिसल्या, `Display size` तसाच ठेवूनही. हवामान आणि सल्ला आता ते स्वतः वाचतात. पण शिवारफेरी म्हणतात तेच बाबांचंही म्हणणं पडलं, पीएचआय एका नजरेत दिसत नाही. त्यामुळे मी फॉरवर्डही चालू ठेवलंय. चौकटी उभ्या मोबाईलवर वाचतात, आणि फॉरवर्ड केलेला तक्ता आडव्यावर. एकाच अंकाच्या दोन प्रती होतात, पण त्यांना हे जमतंय.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. या अंकात द्राक्षाचे बाजारभाव तक्ता म्हणून नाही, फोटो म्हणून टाकले आहेत. तो चौकटीत मोडत नाही आणि मोठा केला की धूसर होतो.

आडगावचा अमोघ

फोटोतले आकडे म्हणजे नुसते ठिपके, त्यांना कुठलीच सेटिंग मोडू शकत नाही. धूसर होतोय म्हणजे फोटो लहान मापातच साठवलेला आहे, त्यामुळे आडव्या मोबाईलवरही फारसा फायदा होणार नाही. हे पाठवणाऱ्यालाच सांगावं लागेल. सांगताना "नीट दिसत नाही" असं मोघम लिहू नका. "फवारणीचा तक्ता जसा टाकता तसाच भावाचा टाका, फोटो नको" असं लिहा, आणि बाबांच्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट जोडा.

शिवारफेरी

मीही त्याच यादीत आहे असं वाटतंय, कारण भावाचा फोटो मलाही आलाय. मृण्मयीताई, तुम्ही मेल लिहाल तेव्हा माझंही नाव घाला. दोघांनी सांगितलं तर लवकर होईल.

मृण्मयी_निफाड

आजच लिहिते. उत्तर आलं की इथे टाकते.